टाकी केवढी हवी?

शाळेच्या डायरीत प्रोजेक्टसाठी रकाना नसतो. तारीख, पिरियड, धडा, उद्देश, साहित्य, गृहपाठ एवढे रकाने असतात आणि प्रत्येक ओळ एका पिरियडपुरती असते. चाळीस मिनिटांत सुरू होऊन चाळीस मिनिटांत संपणाऱ्या गोष्टींसाठी ते पान उत्तम आहे. चार आठवडे चालणारं काम त्यावर लिहायची वेळ आली की बहुतेकजण महिन्याच्या शेवटच्या शनिवारसमोर ‘प्रोजेक्ट सबमिशन’ असं लिहून मोकळे होतात. मग आदल्या संध्याकाळी खजुरी बाजारातल्या दुकानांपुढे आई-बाबांची झुंबड उडते, थर्माकोल आणि चमकी संपते, आणि शनिवारी वर्गात जे येतं त्यात मुलाचं किती आणि घरच्यांचं किती हे कोणालाच सांगता येत नाही. त्याला गुण द्यायचे म्हणजे सजावटीला द्यायचे. दुसरं काही दिसतच नसतं.

मी इंदूरच्या एका शाळेत आठवीला गणित शिकवते. क्षेत्रफळ आणि घनफळ हा भाग आमच्याकडे पावसाळ्यात येतो, म्हणून त्याला जोडून मी एकच प्रश्न घेते: शाळेच्या मागच्या छोट्या इमारतीच्या छतावर पडणारं पाणी साठवायचं, तर टाकी केवढी हवी? प्रश्न मुलांना परका नाही. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून आणतात, सत्तरेक किलोमीटर लांबून, आणि आमच्या कितीतरी वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो. घरच्या टाकीत किती पाणी उरलंय हे गच्चीवर जाऊन, टाकीवर टकटक करून सांगणारी पोरं आहेत ही.

हा प्रश्न चार आठवड्यांच्या डायरीत कसा बसतो, ते सांगते.

आठवड्याला गणिताचे सहा पिरियड. त्यातले चार पुस्तकाला आणि दोन प्रोजेक्टला. हे दोन सुटे ठेवून उपयोग नाही. छताची लांबी मोजायला मुलं खाली न्यायची, टेप सोडवायचा, मोजायचं, परत वर आणायचं, यात चाळीस मिनिटं नुसती जिन्यातच जातात. वेळापत्रक लावणाऱ्या सरांना जुलैच्या आधीच गाठून गुरुवारी जोड पिरियड मागून घ्यायचा. शाळा सुरू झाल्यावर मागितला तर मिळत नाही, कारण तोवर चित्रकलेच्या बाईंनी तो नेलेला असतो आणि त्या काही सोडत नाहीत.

टप्पे मी शेवटाकडून ठरवते. शेवटी प्रत्येक गटाने प्रिन्सिपल मॅडमना एका पानाची शिफारस द्यायची आहे: अमुक मापाची टाकी घ्या, कारण अमुक. हे पान लिहायला टाकीतल्या पाण्याचा रोजचा हिशोब लागतो. तो हिशोब मांडायला रोज किती लिटर पाणी आलं ते लागतं. आणि लिटर काढायला छताचं क्षेत्रफळ आणि पाऊस. म्हणजे मागून पुढे आलं की चार कागद आपोआप समोर येतात: छताचा नकाशा, पावसाचा तक्ता, टाकीचा हिशोब, शिफारशीचं पान. आठवड्याला एक. टप्पा म्हणजे ‘माहिती गोळा केली’ किंवा ‘चर्चा झाली’ असं काही नव्हे. टप्पा म्हणजे हातात देता येईल असा कागद, आणि तोही असा, की तो नसला तर पुढच्या आठवड्याचं काम अडलंच पाहिजे. ज्या कागदावाचून पुढे काही अडत नाही, तो टप्पा नाही. तो गृहपाठ.

या चार कागदांच्या मागे पुस्तकाचे धडे ओढून घ्यावे लागतात. पुस्तकात आधी क्षेत्रफळ, मग पृष्ठफळ, मग घनफळ असा क्रम असतो. मला दुसऱ्याच आठवड्यात घनमीटर आणि लिटर हवे असतात, म्हणून पृष्ठफळ मी उचलून चौथ्या आठवड्यात टाकते. तिथे त्याला कामही मिळतं, टाकीला आतून लेप द्यायचा तर किती क्षेत्र होईल हे काढायला. पहिल्या आठवड्यात क्षेत्रफळ आणि प्रमाण, दुसऱ्यात इष्टिकाचिती आणि एककं, तिसऱ्यात वृत्तचिती. पुस्तकाचा एकही धडा सुटत नाही, पण डायरीतला क्रम पुस्तकाशी जुळत नाही म्हणून तपासणीच्या वेळी प्रश्न येतो. तेव्हा त्या ओळीसमोर ‘टप्पा २ साठी’ एवढं लिहिलेलं असलं की भागतं.

आता कागद एकेक करून बघू, कारण प्रत्येकाची गोची वेगळी आहे.

छतावर मुलांना चढवायचं नाही, हे आधी. खालून जोत्याची लांबी-रुंदी मोजली तरी काम होतं. टेप खेळाच्या सरांकडचा, लांब उडीचा, तीस मीटरचा. त्याच्या एका बाजूला मीटर असतात आणि दुसऱ्या बाजूला फूट, आणि दरवर्षी निदान एक गट उलटी बाजू वाचतो. ‘मॅडम, चालीस बाय छब्बीस!’ असं ओरडत धावत येतात, आणि नकाशावर चाळीस मीटर लांब इमारत उभी राहते. क्षेत्रफळ १०४० चौरस मीटर. खरं माप १२.२ मीटर गुणिले ७.९ मीटर आहे, म्हणजे साधारण ९६ चौरस मीटर. मी लगेच चूक दाखवत नाही. त्यांना आपल्या वर्गाची लांबी पावलांनी मोजायला सांगते आणि विचारते, असे किती वर्ग त्या इमारतीत मावतील? बाहेरून तर दीडच दिसतो. ही तपासणी नकाशा काढायच्या आधी, त्याच जोड पिरियडच्या शेवटच्या दहा मिनिटांत व्हायला हवी. नाहीतर ही चूक पुढचे तीन कागद खाऊन टाकते. नकाशा आलेख वहीच्या पानावर, एक सेंटिमीटरला एक मीटर, आणि प्रत्येक माप दोनदा घेतलेलं, दोन्ही आकडे लिहिलेले.

पाऊस मात्र टप्प्याची वाट बघत थांबत नाही. म्हणून पावसाचं भांडं पहिल्याच सोमवारी लावायचं, त्याचा कागद दुसऱ्या आठवड्यात असला तरी. दोन लिटरची शीतपेयाची बाटली, सरळ भाग सुरू होतो तिथे वरचा भाग कापून उलटा बसवला की फनेल होतं. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून तळात खडे घालून सरळ भागापर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. बाहेरून पट्टी चिकटवायची. फनेलचं तोंड आणि बाटलीचा सरळ भाग एकाच व्यासाचे असल्यामुळे पट्टीवर जेवढे मिलिमीटर चढले तेवढाच पाऊस. वाचन सकाळी साडेआठला. हवामान खातंही त्याच वेळी चोवीस तासांच्या पावसाची नोंद घेतं, त्यामुळे आपला आकडा शहराच्या आकड्याशेजारी ठेवून बघता येतो. तो तंतोतंत जुळणार नाही, राजवाड्याला झोडपून काढणारी सर आमच्याकडे शिंतोडेही टाकत नाही असं होतंच. पण एका गटाचं भांडं चार मिलिमीटर दाखवतंय आणि बाकी सगळ्यांची अठरा, तर दोष पावसाचा नाही. ते भांडं बघायला गेलं की ते सज्जाखाली सुरक्षित ठेवलेलं सापडतं, ‘मॅडम, वहाँ कोई गिरा देता ना.’

या आठवड्यात एकच गोष्ट नीट समजली पाहिजे, आणि तिला मी अख्खा पुस्तकी पिरियड देते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभं राहिलं तर ते किती? एक मीटर गुणिले एक मीटर गुणिले ०.००१ मीटर, म्हणजे ०.००१ घनमीटर, म्हणजे एक लिटर. इतकं नेटकं उत्तर बघून मुलांना आधी संशय येतो. मग फरशीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखायचा, लिटरभर पाणी शेजारी ठेवायचं आणि विचारायचं की हे सगळीकडे सारखं पसरलं तर थर किती जाड होईल. एकदा हे बसलं की ९६ चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ९६ लिटर, हे तोंडी येतं. सगळं पाणी काही टाकीत जात नाही. काही छत पितं, काही उडतं, काही वाहून जातं, आणि पहिल्या सरीचं मळकट पाणी आपणच सोडून देतो. पक्क्या छतासाठी ०.८ धरण्याची पद्धत आहे, तेवढं धरलं की मिलिमीटरमागे सुमारे ७७ लिटर. हा ०.८ कुठून आला हे गटाने कागदावर लिहायचं. त्यासाठी रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण कशाला किती द्यायचे त्या तक्त्यात, गुण आहेत.

तिसरा कागद सगळ्यांत कठीण, आणि माझ्या मते प्रोजेक्टचा खरा जीव तिथे आहे. नुसतं घनफळ काढणं सोपं आहे. पण टाकीत पाणी येतंही आणि जातंही. आमच्या बागेला आणि स्वच्छतागृहांना मिळून रोज चारशे लिटर लागतात असं धरलं. एका आठवड्याचा पाऊस समजा असा: १८, ०, ०, ३१, ६, ०, ० मिलिमीटर. पहिल्या दिवशी १३८६ लिटर आले, ४०० गेले, ९८६ उरले. दुसऱ्या दिवशी ५८६, तिसऱ्या दिवशी १८६. चौथ्या दिवशी २३८७ आले, म्हणून वापर वजा जाता २१७३. पाचव्या दिवशी ४६२ आले, उरले २२३५. पुढचे दोन कोरडे दिवस १८३५ आणि १४३५. कालची शिल्लक, अधिक आज आलेलं, वजा आजचा वापर, बस. पण आठवीतल्या मुलांना इथे दोन गोष्टी सांगाव्या लागतात. शिल्लक शून्याखाली जात नाही, आणि टाकीच्या मापापेक्षा वर जात नाही, वरचं वाहून जातं. उणे दोनशे लिटर लिहिलेला तक्ता दिसला की समजायचं, गटाने गणित केलं पण टाकीकडे बघितलं नाही.

या आठवड्याला तीन हजार लिटरची टाकी पुरते. व्यास दीड मीटर आणि उंची १.७ मीटर असली की साधारण तेवढंच घनफळ येतं. इथली ठरलेली चूक म्हणजे सूत्रात त्रिज्येच्या जागी व्यास घालणं. उत्तर बरोबर चौपट येतं, बारा हजार लिटर. चौपट दिसलं की दुसरीकडे शोधायची गरजच नाही. आता समजा एका रात्रीत १०० मिलिमीटर पडला, जो आमच्याकडे कधीतरी पडतोच, तर ७७०० लिटर येतील आणि निम्म्याहून जास्त गटारात जातील. मग टाकी आठ हजारांची घ्यायची? वर्षातून एखाद्या रात्रीसाठी? याला पुस्तकात उत्तर नाही, आणि म्हणूनच शिफारशीचं पान लिहायला काहीतरी उरतं.

आता रुब्रिक. प्रोजेक्टला शाळेचे दहा गुण आहेत. मी चार निकष ठेवते: मोजमाप, आकडेमोड, टाकीच्या मापामागची कारणं, आणि प्रत्येकाला स्वतःला किती कळलंय ते. प्रत्येकाच्या चार पातळ्या, आणि कागद आलाच नाही तर शून्य. कारणांचे गुण दुप्पट. म्हणजे चार, चार, आठ आणि चार, एकूण वीस, निम्मे केले की दहा. हिशोब सोपा राहतो हा फायदा आहेच, पण दुप्पट कशाला करायचं हे ठरवताना आपल्याला नेमकं काय हवंय तेही ठरून जातं.

पातळीचं वाक्य लिहिताना विशेषणं काढून टाकायची. ‘उत्तम मोजमाप’, ‘चांगलं मोजमाप’, ‘ठीक मोजमाप’ असं लिहिलं तर ते रुब्रिक नाही, तो शिक्षकाचा मूड आहे. माझी मोजमापाची वाक्यं अशी आहेत. चार: प्रत्येक माप दोनदा घेतलं, दोन्ही आकडे एककासह लिहिले, नकाशा प्रमाणात आहे. तीन: सगळ्या मापांना एकक आहे आणि नकाशा प्रमाणात आहे, पण मापं एकदाच घेतली. दोन: काही एककं गळली, किंवा नकाशा प्रमाणात नाही. एक: नुसते आकडे, नकाशा नाही. कागद हातात घेऊन बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच वाक्यात. ही वाक्यं पक्की आहेत की नाहीत हे बघायला मी एक कागद शेजारच्या वर्गाच्या बाईंना देते, काही न समजावता. त्यांची आणि माझी पातळी एकच आली तर ठीक. एकाने तीन आणि दुसऱ्याने एक दिला, तर कागदात नाही, माझ्या वाक्यात भोक आहे.

आणि हे सगळे निकष शेवटच्या दिवशी लावायचे नाहीत. माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीचा आहे. मोजमाप पहिल्या आठवड्याच्या कागदात दिसतं, चौथ्या आठवड्याच्या चार्टवर ते दिसत नाही. तिथे फक्त ‘९६’ असा एक आकडा सुंदर अक्षरात असतो. म्हणून मोजमापाचे गुण पहिल्या टप्प्यावरच देऊन टाकायचे, आकडेमोडीचे दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यावर मिळून, आणि शेवटी उरतात फक्त कारणं आणि तोंडी प्रश्न. रुब्रिकचा कागद मुलांच्या वहीत पहिल्याच दिवशी चिकटवलेला असतो. टप्पा गुरुवारी, जोड पिरियडच्या शेवटी. शनिवारी नाही. गुरुवारी कागद आले की रात्री बघून होतात, शुक्रवारी परत जातात, आणि शुक्रवारच्या उदाहरणं सोडवण्याच्या पिरियडमध्ये मागे राहिलेला गट वहीतल्या उदाहरणांऐवजी आपला कागद दुरुस्त करतो. सुधारला तर एक पातळी वर, त्यापेक्षा जास्त नाही. शनिवारी टप्पा ठेवला तर सोमवारी नवा धडा सुरू होतो आणि चुकीचं क्षेत्रफळ तसंच पुढे सरकतं. एक पर्याय मी कायम तयार ठेवते: ज्याचा नकाशा शुक्रवारीही उभा राहिला नाही, त्याला ९६ चौरस मीटर हा आकडा मी देते. त्याचे मोजमापाचे गुण जे जायचे ते गेले, पण पुढच्या तीन आठवड्यांचं काम त्याच्यासाठी बंद होत नाही.

चार आठवडे म्हणजे चार आठवडे मिळतात असं कोणी समजू नये. अहिल्यादेवींच्या पालखीची सुट्टी येते, राखी येते, पंधरा ऑगस्टच्या कवायतीला मुलं पिरियडमधून उचलून नेतात. आणि पाऊस जोरात झाला की कलेक्टर साहेब शाळांना सुट्टी जाहीर करतात. म्हणजे मोजण्यासारखा पाऊस पडतो नेमका त्याच दिवशी भांड्यापाशी कोणी नसतं. त्यावर तोडगा म्हणून प्रत्येक गटातला एकजण घरीही एक बाटली लावतो. पाऊसच पडला नाही तर गेल्या जुलैतले रोजचे आकडे छापून माझ्या कपाटात असतात. पण वेळ खरंच कमी पडला तर काय गळायचं, हे आधीच डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावं लागतं. माझ्याकडे पहिलं गळतं ते सादरीकरण. मग टाकीच्या लेपाचं पृष्ठफळ, ते सरळ सरावाच्या उदाहरणांत जातं. दोनदा मोजणं आणि शिल्लकेचा तक्ता कधीच गळत नाहीत. असं आधी ठरवलं नाही तर ऐन वेळी हटकून उलटं होतं. तक्ता घाईत उरकतो आणि सादरीकरणाला प्रोजेक्टर मागवतात.

तोंडी प्रश्नांना वेळ कमी लागतो. शिफारशीच्या आठवड्यात, बाकीचे उदाहरणं सोडवत असताना, एकेकाला टेबलापाशी बोलावून दोन प्रश्न. एक त्याच्या गटाच्या कागदावरचा: हे ७७ कुठून आले? दुसरा थोडा हलवलेला: छत पत्र्याचं आणि दुप्पट लांब असतं तर? गटातल्या चौघांना सारखे गुण देण्यावरून होणारी भांडणं या दोन प्रश्नांनी बरीच मिटतात. टेप धरून उभा राहिलेला, कागदावर ज्याचं अक्षर कुठेच नाही असा मुलगा कधीकधी इथे सगळ्यांत चोख उत्तर देतो. आणि सगळा कागद जिने लिहिला ती ७७ ला अडते, कारण तो आकडा दुसऱ्याने सांगितला होता.

शिफारशी आल्या की एका गटाने तीन हजार लिटर लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याने पाच हजार. तीन हजारवाल्यांचं म्हणणं, वर्षातले बहुतेक दिवस एवढंच पाणी साठतं, मोठी टाकी रिकामीच राहील. पाच हजारवाल्यांनी सलग आठ-दहा कोरडे दिवस धरून तक्ता पुढे वाढवलेला असतो आणि तीन हजारांची टाकी मधेच कोरडी पडते हे आकड्यांत दाखवलेलं असतं. दोघांनाही कारणांचे पूर्ण आठ गुण. पालक सभेत एका बाबांनी विचारलं, ‘मॅडम, एक सही तो दूसरा गलत होगा ना?’ मी त्यांच्यापुढे दोन्ही तक्ते ठेवले आणि रुब्रिकचं चौथ्या पातळीचं वाक्य दाखवलं: माप का निवडलं ते स्वतःच्या तक्त्यातल्या निदान दोन दिवसांच्या आकड्यांनी सिद्ध केलं, आणि ही टाकी कोणत्या दिवशी अपुरी पडेल तेही सांगितलं. त्यांनी दोन्ही तक्ते खालपर्यंत वाचले आणि विचारलं की आठ-दहा कोरडे दिवस जुलैत खरंच येतात का. कपाटातले गेल्या जुलैचे आकडे काढून मी त्यांच्या हातात दिले.